सुगंधाचं सुटं गणित

सुगंधा धुरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. अंधेरीच्या एक्स्पोर्ट झोनमध्ये आमची कंपनी होती आणि काम होतं डेटा एंट्रीचं. परदेशातल्या विमा कंपनीचे कागद यायचे, ते ती टाइप करायची. तेच कागद मग माझ्याकडे यायचे आणि मी ते पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचे. तिच्या आणि माझ्या टाइपिंगमध्ये कुठे फरक पडला की मशीन आवाज करून थांबायचं. याला व्हेरिफाय करणं म्हणत. दिवसभर तिच्या चुका पकडणं हीच माझी नोकरी होती, आणि तरी आमची मैत्री झाली.

ती घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहायची. वडील भिकाजी धुरी मूळचे कुडाळकडचे. गिरणीत होते, संपानंतर गिरणी काही उघडली नाही, तेव्हा साकीनाक्याला एका गाळ्यांच्या वसाहतीत वॉचमन म्हणून लागले. घरात पहिली पदवीधर सुगंधाच. बीकॉम, सेकंड क्लास. मी मुलुंडची, मीही बीकॉमच. फरक एवढाच की मी अकरावी-बारावीला गणित घेतलं होतं, कारण माझ्या थोरल्या बहिणीने घेतलं होतं. सुगंधाने गणिताऐवजी सेक्रेटरिअल प्रॅक्टिस घेतलं होतं. पत्रं कशी लिहायची, सभेचं इतिवृत्त कसं ठेवायचं, असला तो विषय. या फरकाला पुढे एवढं महत्त्व येईल असं आम्हा दोघींनाही तेव्हा वाटलं नव्हतं.

विम्याच्या कागदांमध्ये कधीतरी वेगळे कागद यायचे. चौकटी चौकटींचे, हिरवट. आमच्याच कंपनीतले प्रोग्रामर त्यावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचे आणि टाइप करायला आमच्याकडे पाठवायचे. बाकी सगळ्या मुलींना ते कागद नको असत, कारण त्यात टिंबंसुद्धा जागच्या जागी लागतात. सुगंधा मागून घ्यायची.

"त्यात काय मजा आहे गं?" मी एकदा विचारलं.

"वाच ना. इंग्रजीच आहे. हे कर, असं होईपर्यंत करत राहा, मग तिकडे जा. पण मला एक कळत नाही. करत राहा म्हटलं, तर थांबायचं कधी हे त्याला कोण सांगतं?"

"मला काय माहीत. टाइप कर."

तिने टाइप केलं आणि जेवणाच्या सुट्टीत तो कागद घेऊन सरळ प्रोग्रामरच्या खोलीत गेली. तिथे चंद्रप्रकाश नावाचा मुलगा होता, मुलुंडचाच, माझ्या ओळखीचा. त्याने तिला बसवून कागदावर दाखवलं की प्रत्येक फेरीत मोजणारा आकडा एकाने वाढतो आणि ठरलेल्या आकड्याला पोचला की फेरी थांबते. ती परत आली तेव्हा डबा तसाच होता. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न घेऊन गेली. मग रोजच जाऊ लागली. शेवटी चंद्रप्रकाश म्हणाला, "असं तुकड्यातुकड्यात किती दिवस विचारशील? एमसीए कर. तीन वर्षांचं आहे. मी बीएस्सी करून गेलो, पण आमच्या वर्गात दोघं कॉमर्सचे होते, एक तर बीए इकॉनॉमिक्सवाला होता."

एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी, हा शब्द तेव्हा नवाच होता. कोर्स मोजक्याच ठिकाणी होता आणि लोकांना वाटायचं तो इंजिनिअरांसाठी. पदवी कुठलीही असली तरी कॉम्प्युटरकडे वळता येईल असं काही असतं हे सुगंधाला पहिल्यांदाच कळलं. तिने मला तीनदा तरी विचारलं, "म्हणजे माझ्यासारखीलापण?"

माहिती काढायला ती आधी घाटकोपर स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेली. मी सोबत होते. तिथला गळ्यात टाय बांधलेला माणूस म्हणाला, "एमसीएला जायचं तर आधी आमचं कोबोल भाषेचं सर्टिफिकेट पाहिजे. त्याच्याशिवाय अर्जालाच हात लावत नाहीत." आत काचेच्या खोलीत मशीन होतं आणि चपला बाहेर काढून आत जायचं होतं. सुगंधाला ते सगळं खरं वाटलं. मला नाही. मी म्हटलं, "जिथे कोर्स आहे तिथे जाऊन विचार. हा स्वतःचा माल विकतोय."

मग एका शनिवारी ती एमसीए शिकवणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेत गेली. अर्जाच्या खिडकीवर जयवंत सामंत नावाचे क्लार्क होते, चाळिशीचे, बोलायला तुटक पण खोटं न सांगणारे. त्यांना तिने कोबोलच्या सर्टिफिकेटचं विचारलं.

"ते जोडलंत तरी हरकत नाही, नाही जोडलंत तरी नाही. आम्ही बघत नाही."

"मग काय बघता?"

"पदवी पूर्ण झाली का, त्यात पन्नास टक्के आहेत का. आणि गणित. बारावीला गणित होतं का?"

"नाही. पण मी बीकॉम आहे. अकाउंट्समध्ये चांगले मार्क आहेत."

"अकाउंट्स म्हणजे गणित नव्हे, बाई."

"एफवायला, पहिल्या वर्षाला, गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर होता की."

सामंतांनी तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न बहुधा त्यांना रोज येत असावा. "आमच्या नियमात बारावीचं गणित लिहिलंय. पदवीतला तो पेपर काही विद्यापीठं धरतात, आम्ही नाही धरत. ज्याचं त्याचं माहितीपत्रक वेगळं. दुसरीकडे बघा."

मी ती गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटलं, संपलं. पण सुगंधा रडवेली वगैरे झाली नव्हती. ती विचारात पडली होती. "मला कळत नाही नलू, कॉम्प्युटरच्या कोर्सला कॉम्प्युटर येतो का हे विचारत नाहीत आणि गणित विचारतात. का बरं?"

घरीही तोच घोळ झाला. मी त्या रविवारी तिच्याकडे होते. तिचे बाबा खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "गणित म्हंजे हिशोबच मां? तू बीकॉम झालंस, मग हिशोब येना नाय असा कोण म्हणता?"

"बाबा, हिशोब वेगळा, गणित वेगळं म्हणतात ते."

"वेगळा कसा? आकडे तेच."

आई सगुणा आतून म्हणाली, "आता पुरे झाला ता शिक्षण. नोकरी आसा मां चांगली." मी निघाले तेव्हा बाबा माझ्याबरोबर पायऱ्या उतरून खालपर्यंत आले आणि म्हणाले, "तिका जरा बघ हां. ती विचारूक लागली की थांबणा नाय."

सामंत म्हणाले तसं तिने दुसरीकडे बघितलं. मुंबईबाहेरच्या एका विद्यापीठाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'बारावी किंवा पदवीला गणित हा विषय'. त्यांना तिने पत्र टाकलं. उत्तर आलं की पदवीतला गणित-संख्याशास्त्राचा पेपर चालेल, पण कॉलेजकडून त्या पेपरचा अभ्यासक्रम सही-शिक्क्यानिशी आणा. नुसत्या पेपरच्या नावावर ते विश्वास ठेवत नव्हते, आत काय शिकवलंय ते त्यांना बघायचं होतं. कॉलेजात दोन खेपा घातल्यावर तो कागद मिळाला. अर्ज मंजूर झाला. प्रवेश परीक्षेचं केंद्र मुंबईतही होतं. सुगंधाने ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले. मी म्हटलं, अजून परीक्षा व्हायची आहे. ती म्हणाली, "आत तर घेतलं ना."

परीक्षेला ती आनंदात गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने एका कागदाच्या मागे लिहून दाखवलं. "हे काय असतं गं? लिम, आणि खाली एक्स बाण शून्य." ते लिमिट होतं. मग तिने संचाचा प्रश्न सांगितला, मॅट्रिक्सचा सांगितला, पाच माणसं किती प्रकारे रांगेत उभी राहतील हा सांगितला. तर्काचे प्रश्न तिने बरे सोडवले होते, इंग्रजीचेही. पण पेपरचा मोठा भाग गणिताचा होता, आणि तो बारावीचाच होता. एफवायचं तिचं गणित बहुतेक व्याज, सरासरी आणि निर्देशांक असलं होतं.

यादीत तिचं नाव आलं नाही.

मला वाटलं, आता तरी ती सोडेल. ती मात्र पुन्हा सामंतांच्या खिडकीवर गेली. अर्ज मागायला नाही. तिला एकच गोष्ट विचारायची होती. सामंत म्हणाले, "हे मला विचारू नका. समोर भीमराज सर बसतात, विभागप्रमुख आहेत. त्यांना विचारा. रागावणार नाहीत."

भीमराज सरांनी तिला बसायला सांगितलं. पुढचं तिने मला इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे.

"सर, कॉम्प्युटर येतो का ते तुम्ही विचारत नाही, मग गणित का?"

"कारण कॉम्प्युटर आम्ही शिकवतो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी वर्गातल्या कुणालाच येत नाही असं धरून आम्ही सुरुवात करतो. पण गणित आम्ही पहिल्या सत्रात बारावीच्या पुढून सुरू करतो. मागचं शिकवायला वेळच नसतो. ज्याला बारावीचं येत नाही तो दुसऱ्या महिन्यात मागे पडतो आणि मग स्वतःला ढ समजायला लागतो. एक-दोन वर्षं आम्ही नियम ढिला ठेवून बघितला. मुलं हुशार होती, पण सोडून गेली."

"म्हणजे तुम्ही मार्क नाही बघत, पाया बघता."

"अर्ज बघताना कागद बघतो. पाया परीक्षेत बघतो. कागद असून पाया नसला तर परीक्षेत कळतंच." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बारावीचं गणित आता का देत नाही? झालेल्या बारावीला एखादा विषय सुटा देता येतो. बोर्डाकडे चौकशी करा."

सुटा विषय. हा शब्द घेऊन ती आली आणि दिवसभर तोच बोलत होती. बोर्डाच्या कार्यालयात जाऊन आली. खरंच देता येत होता. पण यावेळी तिने घाई केली नाही. आधी परत सामंतांकडे गेली आणि विचारून घेतलं की कॉमर्सचं गणित चालेल की सायन्सचंच हवं. सामंत आत जाऊन विचारून आले. चालेल, म्हणाले. शंभर मार्कांचा बारावीचा गणिताचा पेपर पाहिजे, शाखा कुठली याला महत्त्व नाही. सुट्या विषयाची गुणपत्रिका वेगळी येईल, ती जुन्या गुणपत्रिकेला जोडायची. आणि बोर्डाचा निकाल लागायच्या आधी अर्जाची मुदत संपत असली तरी अर्ज करून ठेवायचा, मात्र प्रवेशाच्या दिवशी गुणपत्रिका हातात पाहिजे. नसेल तर जागा पुढच्याला जाते.

माझी जुनी पुस्तकं मी माळ्यावरून काढून दिली. त्यांच्या समासात मी कंटाळून काढलेली फुलं आणि टिकल्या होत्या. मला त्या विषयात कधी गोडी लागली नाही आणि पात्र मात्र मी होते. सामंतांच्या खिडकीवर मी उभी राहिले असते तर माझा अर्ज एका मिनिटात घेतला असता. हे मी सुगंधाला म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "मग चल ना दोघी." मी म्हटलं, मला नको, मला तुझ्या चुका पकडण्यात सुख आहे.

घाटकोपरला काशीराम सरांचा क्लास होता. कॉमर्सच्या पोरांचा, सकाळी लवकर, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात. सुगंधा तिथे जाऊन मग ऑफिसला यायची. पोरं तिला ताई म्हणायची आणि सुरुवातीला तिच्यासमोर वात्रटपणा करायला लाजायची. मग सवय झाली. सरांचं धोरण साधं होतं, गणित करून दाखवायचं आणि पुढे जायचं. सुगंधा मधेच थांबवायची. डेरिव्हेटिव्ह काढून काय कळतं? उत्तर आलं तर त्याचं करायचं काय? एकदा सर वैतागून म्हणाले, "बाई, परीक्षेत हे विचारत नाहीत."

"परीक्षेसाठी नाही सर, मला हवंय."

सरांनी एका कारखान्याचा खर्च आणि उत्पादन घेऊन, खर्च कुठे सर्वांत कमी पडतो ते फळ्यावर काढून दाखवलं. पोरांनीही ऐकलं. पुढे सर तिला म्हणाले की बऱ्याच वर्षांनी त्यांना असं उदाहरण शोधायला लागलं.

त्याच दिवसांत एकदा ती ऑफिसात आली ती पर्स टेबलावर टाकून म्हणाली, "नलू, तर्कशास्त्राचा धडा वाचलायस का तू?"

"वाचला असेन. परीक्षेपुरता."

"दोन विधानं घ्यायची. दोन्ही खरी असली तरच 'आणि' खरं. एक जरी खरं असलं तरी 'किंवा' खरं. तक्ता करायचा. अगं, हे तर आपल्या हिरव्या कागदांवर असतं. इफ अमुक अँड तमुक. मी वर्षभर हे गणित टाइप करत होते आणि मला कुणी सांगितलंच नाही की हे गणित आहे."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहत राहिले. माझ्यासमोर तेच पुस्तक होतं, तीच पानं. मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. केंद्रावर शिपायाने तिला दारातच अडवलं आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, सुपरव्हिजनवाल्यांची खोली वरती आहे." तिने हॉलतिकीट दाखवलं. तो ओशाळला आणि तिला पाणी आणून देऊन गेला. सतरा वर्षांच्या पोरांच्या मधोमध ती बसली. पेपर तिला बरा गेला, फार झकास नाही. ती म्हणाली, "ज्याचं 'का' कळलं होतं ते सगळं आलं. जे पाठ केलं होतं तिथे वाट लागली."

अर्ज तिने आधीच भरून ठेवला होता. निकाल लागला, गणितात पास झाली, बासष्ट मार्क. त्यानंतर संस्थेची प्रवेश परीक्षा. यावेळी लिमिट दिसलं तेव्हा तिला हसू आलं म्हणे. मुलाखतीच्या यादीत नाव आलं.

मुलाखतीला तिघं बसले होते, मध्ये भीमराज सर. एका सरांनी तिच्या दोन गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "बारावीला गणित का सोडलं होतं?"

"कॉलेजात सांगितलं होतं सर, सेक्रेटरिअल प्रॅक्टिस घेतलं की लगेच नोकरी लागते. लागली."

ते हसले. मग दुसरे म्हणाले, "डेटा एंट्री करता. व्हेरिफाय म्हणजे दोघींनी तेच टाइप करायचं. मग सगळ्या चुका सापडत असतील?"

सुगंधा म्हणाली, "नाही सर. मी चुकले आणि माझ्या शेजारची नलिनी बरोबर असली तर सापडते. पण कागदावरचा एकचा आकडा पुसट असला आणि आम्ही दोघींनी तो सात वाचला, तर मशीन गप्प बसतं. त्याला आम्ही दोघी सारख्याच दिसतो, म्हणून आम्ही बरोबर. आणि मुळात कागदावरच चुकीचं लिहिलेलं असेल तर ते तर आम्ही दोघी अगदी नीट टाइप करतो."

"मग ते कसं पकडाल?"

"ते मला माहीत नाही. जन्मतारीख उद्याची असू शकत नाही, एवढं तरी मशीनला सांगता येईल का, असा विचार मी करत असते. तेच शिकायला यायचंय."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. नोकरीच्या अनुभवाला तिथे मार्क नव्हते, हे सामंतांनी तिला आधीच सांगितलं होतं. तरी मला वाटतं, त्या खोलीत तो तिच्या उपयोगी पडला.

निवडयादीत ती नव्हती, प्रतीक्षायादीत होती, बरीच वर. प्रवेशाच्या दिवशी ती आणि तिचे बाबा सकाळपासून संस्थेत बसून होते. बाबांनी ड्यूटी बदलून घेतली होती. एका मुलाचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला नव्हता, त्याची जागा गेली. एकजण आलाच नाही. दुपारी सामंतांनी नाव पुकारलं. त्यांनी तिच्या मूळ गुणपत्रिका एकेक करून ताडून पाहिल्या, सुट्या गणिताची शेवटी, आणि म्हणाले, "हं. आता झालं." भिकाजींनी त्यांना हात जोडले. सामंत म्हणाले, "मला कशाला, मी तर परत पाठवलं होतं."

तिने नोकरी सोडली. तिच्या जागी आलेली मुलगी टाइपिंगला पक्की होती, माझं मशीन फारसं थांबतही नसे. मला कंटाळा यायला लागला.

दिवाळीनंतर सुगंधा मला जुहूला भेटली. आम्ही वाळूत बसून भेळ खाल्ली. तिचा चेहरा उतरला होता. पहिल्या सत्राच्या चाचणीत गणितात ती जेमतेम पास झाली होती. बीएस्सीवाले ते असं करतात जसं आपण भाजी चिरतो, म्हणाली. मात्र अकाउंटन्सीचाही पेपर होता आणि त्यात त्या सगळ्यांची बोबडी वळली होती. डेबिट कुठे आणि क्रेडिट कुठे हे कळेना. म्हणून देवाणघेवाण ठरली होती. श्यामसुंदर नावाचा फिजिक्सवाला तिला गणित शिकवायचा आणि ती चौघांना ताळेबंद.

"जड जातंय?" मी विचारलं.

"जातंय. पण भीमराज सर म्हणाले ते खरं होतं. बारावीचं केलं नसतं ना, तर मी आत्तापर्यंत परत तुझ्या शेजारी आले असते." तिने भेळेचा कागद चुरगाळला. "तुला एक सांगू? आपण जे लिहितो ते मशीनला मुळीच कळत नाही. त्याला फक्त शून्य आणि एक कळतं. मधे एक प्रोग्राम असतो, तो आपलं लिहिलेलं वाचून मशीनच्या भाषेत करतो."

"असेल."

"पण तो प्रोग्रामसुद्धा कुणीतरी लिहिलाच असेल ना? मग तो कुठल्या भाषेत लिहिला? आणि त्याला मशीनच्या भाषेत कुणी आणलं?"

"सरांना विचार की."

"विचारलं. म्हणाले, तिसऱ्या वर्षाला आहे. मी ग्रंथालयातून पुस्तक काढलंय." तिने पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून मांडीवर ठेवलं, वाळू झटकली आणि मधलंच एक पान उघडून मला दाखवायला लागली.